पावलावरचा खड्डा

बायको सत्यशीला वारल्याचा फोन आला, तेव्हा वैजनाथ लातूरला बांधकामावर होता. दहाव्याच्या फोटोंत त्याला आपली तीन वर्षांची लेक राजकन्या नीट दिसली. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, केस विरळ नि भुरे, पावलं सुजलेली. ओळखीच्या भोकरच्या नर्सबाईंनी फोटो पाहून त्याला कुपोषणाची सूज ओळखायची खूण शिकवली.

गावी येऊन तो तिला अंगणवाडीत घेऊन गेला, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "वजन तर बरोबर हाय की, दादा. बाळसं धरलंय पोरीनं."

"बाळसं न्हाई, पाणी हाय ते." त्यानं लेकीच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला. उचलला तरी खड्डे तसेच राहिले. "आता दवाखान्याची चिठ्ठी लिवा. त्याबिगर हलत न्हाई मी."

ताईंनी चिठ्ठी लिहिली. राजकन्या दवाखान्यात दाखल झाली.

अंगणवाडीतल्या बाकीच्या लेकरांची पावलं अजून कुणी दाबून पाहिलेली नाहीत.