सात खुणांचा माणूस

संस्थेत तिला सगळे आकडेवाली म्हणत. एकट्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून विचारपूस करणारी ही संस्था, आणि आकडेवालीच्या वाट्याला मात्र दिवसभर कॉम्प्युटरच. घरी गेली तर तिथेही बोलायला कुणी नाही. भावाचा फोन आला तर आला, नाहीतर भिंतीच.

प्रत्येक माणसाच्या नावापुढे खुणा लावलेल्या असत: एकटे, कमी ऐकू येणारे, चालता न येणारे, अशा कितीतरी. कोणाला कोणती खूण, याचा वेगळा तक्ता. माणसाच्या प्रत्येक खुणेला एक ओळ. प्रत्येक खुणेचा फोन करणारा गट वेगळा.

उद्या विश्वस्तांची बैठक. साहेब खूश होते. "तीन हजारांवर माणसं! आता पुढच्या वर्षाची मंजुरी कुठे जात नाही."

बेरीज तिनेच पाठवली होती. आता मूळ नावं मोजली, तर अकराशे बाराच. ती तशीच साहेबांकडे गेली.

"सर, प्रत्येक खुणेचा आकडा बरोबर आहे, पण त्यांची बेरीज चालत नाही. ज्याला चार खुणा, तो चारदा मोजला गेलाय."

"अहो, मग राहू द्या ना! कोण बघतंय?"

"दोरीवर सात सदरे वाळत घातले म्हणून घरात सात माणसं होत नाहीत, सर."

"अकराशे सांगितले तर गाशा गुंडाळावा लागेल. तुमचाही," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

ती जागेवर येऊन बसली. नोकरी गेली तर हे टेबलसुद्धा जाणार, या विचाराने तिला भरून आलं. उगाच चाळा म्हणून तिने सर्वांत जास्त खुणा असलेला माणूस शोधला. एक घड्याळ दुरुस्त करणारे आजोबा. सात खुणा. फोनची नोंद काढली, तर एकही नाही!

मग तिच्या ध्यानात आलं. एकापेक्षा जास्त खुणा दिसल्या की प्रत्येक गट म्हणे, दुसरा गट करेल. सात गट, आणि सातही निवांत. जास्त खुणांच्या आणखी नावांच्या नोंदी पाहिल्या, त्याही कोऱ्याच. अरे देवा!

तिने स्वतःच फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"आजोबा, संस्थेतून बोलतेय." ती जवळजवळ ओरडूनच बोलली.

"संस्थेतून? अहो, मला वाटलं माझं नाव तुमच्यापर्यंत पोचलंच नाही."

"पोचलं होतं, आजोबा. सातदा पोचलं होतं."

"मग?"

तिला रडूच फुटलं. पलीकडे आजोबांनी फोन ठेवला नाही.

"ऐकू कमी येतं मला," ते म्हणाले, "पण रडताय तुम्ही, एवढं कळतंय. जेवलात का?"

तिला हे कुणी विचारलं नव्हतं, कधीपासून कोण जाणे. बोलता बोलता तिने विश्वस्तांच्या कागदावर तीन हजार खोडलं आणि अकराशे बारा लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: यांतल्या कित्येकांना आपण एकदाही फोन केलेला नाही.