चिमट्याचं टोक

लग्न होऊन आल्यापासून धाकटीची एकही चपाती फुगली नव्हती. ती लाटायची, थोरली जाऊ भाजायची आणि पाहुण्यांसमोर हसून म्हणायची, “आमच्या धाकटीचा हातच जड!” धाकटी कडेवर हलका दाब देत सगळीकडून सारखी लाटायची, तरी आचेवर चपाती मेल्यासारखी पडून राही.

मग एकदा तिने पाहिलं. तव्यावरून चपाती उचलताना थोरली चिमट्याचं टोक हळूच आत खुपसत होती. वाफ तिथून निसटली तर चपाती फुगणार कप्पाळ!

धाकटीने राग गिळला. थोरलीच्या माहेरची माणसं जेवायला आली, तेव्हा ती गोडीत म्हणाली, “जाऊबाई, आज तुम्ही लाटा, मी भाजते.”

थोरलीने सुरेख गोल लाटल्या. तापल्या तव्यावर बुडबुडे येताच धाकटीने उलटल्या, दुसरी बाजू भाजली, आणि आचेवर धरण्याआधी प्रत्येकीला टोचलं. एकही फुगली नाही.

“काय गं, लाटणं विसरलीस?” थोरलीच्या आईने विचारलं.

थोरलीने चपाती उचलून पाहिली. भोक दिसलं आणि तिचा चेहरा उतरला.

“सांगा ना आईंना, भोक कसं पडतं ते,” धाकटी हळूच म्हणाली.

थोरली पुटपुटली, “पीठच बिघडलं असेल.”

“त्याच पिठाची बघू या.” धाकटीने एक स्वतः लाटली, भाजली, आचेवर धरली. ती टम्म फुगली. धाकटीने ती थोरलीच्या आईच्या ताटात वाढली.

“घ्या, माझ्या जड हातची.”

थोरलीने मान वर केली नाही. धाकटीला तिची जराही दया आली नाही.