गणपतीआधीचा महिना

"वर्षाला तीनशे रात्रींचं बुकिंग देतो," रोह्याच्या कंपनीचे खरेदी अधिकारी सामंत म्हणाले. "अठराशेची खोली चौदाशेला द्या, नाश्त्यासकट."

पेणमधल्या आपल्या हॉटेलात रिकाम्या खोल्यांना कुलपं लावून कंटाळलेल्या सगुणाताईंना ही गिऱ्हाइकं हवीच होती.

"चालेल. पण गणपतीआधीचा महिना मूर्ती न्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांचा. तेव्हा हा दर नाय."

"ताई, आमचे इंजिनियर नेमके तेव्हाच येतात हो!"

"मग सहा खोल्या राखून ठेवते. माणूस आला नाय तरी भाडं कंपनीचं, एवढं लिहा."

सामंतांनी साहेबांना फोन लावला. बोलता बोलता सहाच्या चार खोल्या झाल्या, चारच्या दोन. शेवटी, गणपतीच्या आधी सगळे इंजिनियर रजेवर असतात, हे कंपनीला आठवलं.

तो महिना वगळून चौदाशेवर सही झाली.