आणखी एक मान्ता

सूनबाईंचा घसा पार बसला होता. अंगात ताप, त्यात हॉटेलातलं पांघरूण पापडाएवढं पातळ. चिरंजीव परिषदेला गेलेले. तिला स्पॅनिश येतं पण आवाज नाही, माझा आवाज ठणठणीत पण स्पॅनिश नाही. फोनवर कुजबुज करून काय कळणार? म्हणून मीच खाली काउंटरवर जायचं ठरवलं.

तिने कागदावर लिहून दिलं: मे प्वेदे दार ऊना मान्ता मास, पोर फाबोर. म्हणजे, आणखी एक पांघरूण देता का, प्लीज.

"आई, जोर 'प्वे'वर. 'मान्ता'तला त तलवारीतला, ट नको," ती कशीबशी म्हणाली. "आणि 'फाबोर' म्हणताना ओठ अर्धवटच मिटा."

"अगं, आयुष्यभर तोंड मिटून कामं केली नाहीत मी. आता अर्धवट मिटते, बस?"

ती हसली आणि लगेच खोकली. तिला हुडहुडी भरलेली पाहून माझा जीव तुटत होता. पांघरूण आणल्याशिवाय वर यायचं नाही, एवढं पक्कं केलं.

लिफ्टमध्ये दोनदा घोकलं. काउंटरवरच्या तरुणाला कागद न बघता वाक्य ऐकवलं. शब्दन् शब्द असा खणखणीत, की तो खूश झाला आणि त्याने स्पॅनिशमध्ये भडाभडा काहीतरी विचारलं.

घ्या! मागायचं शिकले होते, उत्तर द्यायचं कोण शिकवणार? आमचं हे नेहमीचंच. परीक्षेला एकच निबंध पाठ करून जायचं.

पण मी काही गडबडणारी नाही. पांघरूण हवं म्हटल्यावर माणूस विचारून विचारून काय विचारणार? कुठल्या खोलीत, हेच ना! काउंटरवर बोटाने खोलीचा आकडा गिरवला. मग वर बोट दाखवलं, दोन्ही हात छातीशी घेऊन थरथरून दाखवलं आणि पुन्हा म्हटलं, "ऊना मान्ता मास, पोर फाबोर!" त्याने मान डोलावली.

मी वर पोचून जरा टेकते, तोवर तो जाड लोकरी पांघरूण घेऊन दारात हजर. सूनबाईंकडे बघून हसत काहीतरी बोलला. तिनेही दोन शब्दांत उत्तर दिलं. तो गेल्यावर मी पांघरूण तिच्या पायांखाली नीट खोचलं.

"काय म्हणत होता गं?"

"म्हणाला, तुमच्या आई स्पॅनिश छान बोलतात."

मी फुशारले. मग लक्षात आलं.

"आई? मग सांगितलं नाहीस, सासू आहे म्हणून? का त्यांच्याकडे सासूला शब्दच नाही?"

"आहे की." तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "पण घसा दुखतोय ना. मी नुसतं म्हटलं, हो, माझी आई."

वर ओढल्यामुळे पांघरूण पायांकडून सुटलं होतं, ते मी पुन्हा नीट खोचलं.