गाळलेल्या सहा ओळी

छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. पत्रिकेतली एखादी मात्रा उडाली, वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली, तर ती तिच्या नजरेतून सुटत नसे. एकोणीस वर्षं ती लग्नपत्रिकांची मांडणी करत होती. लोक वहीच्या पानावर, पाकिटाच्या मागे, कधी फोनवर बोलून मजकूर द्यायचे. तो संगणकावर टाइप करून चौकटींत बसवायचं काम तिचं. वधूवरांची नावं एका घडीवर, समारंभ आणि वेळा दुसरीवर, निमंत्रकांची नावं तिसरीवर, आणि मागच्या बाजूला स्थळ आणि तिथे कसं यायचं ते. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या मात्राबाईच्या हातून गेलेल्या पत्रिकेत चूक काढा आणि पत्रिका फुकट न्या." आजवर कुणी फुकट नेली नव्हती.

त्या दिवशी एक शिक्षिका मजकूर घेऊन आल्या. एकुलत्या एका मुलीचं लग्न. सोबत त्यांचे थोरले भाऊ होते. शिक्षिकेने दोन फुलस्केप कागदांवर सुवाच्य अक्षरात सगळं लिहून आणलं होतं. विवाह सकाळी अकराला संस्थेच्या जुन्या सभागृहात. स्वागत समारंभ संध्याकाळी सातला, त्याच संस्थेच्या गावाबाहेरच्या नव्या सभागृहात. प्रत्येक समारंभाखाली त्याची वेळ, त्याखाली त्याचं स्थळ, आणि त्याखाली तिथे येण्याचा रस्ता. निमंत्रक म्हणून दोनच नावं होती, त्यांचं आणि भावाचं.

वधूच्या वडिलांचं नाव कुठेच नव्हतं. मात्राबाईने विचारलं नाही. या कामात काही गोष्टी विचारायच्या नसतात.

भाऊ मात्र कागद वाचून म्हणाले, "दोनच नावं? लोक काय म्हणतील, घरात माणसं नाहीत? आपले काका, आत्या, आतेभाऊ, सगळ्यांची घाल."

"दादा, जागा लागते त्याला," शिक्षिका म्हणाल्या.

"जागा काढतील त्या. त्यांचं कामच आहे ते."

दोनाची अकरा नावं झाली.

दुपारी मात्राबाई मांडणीला बसली. अकरा नावं म्हणजे एक अख्खी घडी. अक्षरं आणखी बारीक करता येत नव्हती. म्हाताऱ्या माणसांना वाचता यायला हवं. मग तिने समारंभ आणि वेळा एका चौकटीत एकाखाली एक घेतल्या आणि स्थळं तिथून उचलून मागच्या बाजूला नेली. "स्थळ : संस्थेचे जुने सभागृह व नवे सभागृह." तरीही रस्त्याच्या मजकुराला जागा पुरेना. जुन्या सभागृहाच्या रस्त्याच्या सहा ओळी होत्या, नव्याच्या चार. जुनं सभागृह गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याचा रस्ता कशाला सांगायचा? तिने सहा ओळी गाळल्या आणि चार ठेवल्या. पान कसं मोकळं, देखणं झालं.

दुसऱ्या दिवशी शिक्षिका शाळेच्या मधल्या सुट्टीत धावतपळत आल्या. प्रूफवर त्यांनी मुलीचं नाव दोनदा वाचलं, जावयाचं नाव वाचलं, तारीख वाचली आणि खाली सही केली. मागची बाजू त्यांनी उलटून पाहिली, पण नुसती पाहिली. सगळे असंच करतात हे मात्राबाईला माहीत होतं. एरवी ती स्वतःहून सांगायची, "ताई, इथे मी थोडं कमी केलंय बरं का." त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक समोर उभं होतं. ते सांगायचं राहून गेलं.

लग्न झालं. त्यानंतर आठदहा दिवसांनी, सकाळी नुकतं दार उघडलं होतं, तेव्हा एक साठीकडे झुकलेला माणूस पायरीवर उभा होता. इस्त्रीचा सदरा, हातात तीच पत्रिका. पत्रिकेच्या अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव असतं, ते वाचून तो आला होता.

"ही तुमच्याकडे छापली?"

"हो. काही चुकलंय का?"

"मी मुलीचा वडील," तो म्हणाला.

मात्राबाईने त्याला खुर्ची दिली. तो बसला, पण पाठ टेकली नाही.

"भांडायला आलो नाही. अकरा वर्षांपूर्वी मी घर सोडून गेलो. दोष माझाच होता, त्यावर मला काही बोलायचं नाही. पण ही पत्रिका माझ्या पत्त्यावर आली. पाकिटावर मुलीच्या आईचं अक्षर होतं. मला वाटलं, निदान लांबून बघावं म्हणून बोलावलं असेल." त्याने पत्रिका उलटी केली. "मी यात लिहिलंय तसा गेलो. साडेदहाला नव्या सभागृहाच्या फाटकाशी. कुलूप होतं. रखवालदार म्हणाला, कार्यक्रम संध्याकाळी आहे. मला वाटलं त्याला ठाऊक नसेल. सव्वाअकरापर्यंत थांबलो."

"आणि मग?"

"मग पुन्हा वाचलं. जुने व नवे. म्हटलं लग्न जुन्यात असणार. परत स्थानकावर आलो. तिथून सभागृहापर्यंत एक पाऊलवाट होती, गोदामांच्या मागून. दहा मिनिटांत पोचायचो आम्ही. तिथे गेलो तर ही एवढी भिंत. पार वळसा घालून जाईपर्यंत साडेबारा झाले. लग्न लागून गेलं होतं. लोक जेवत होते. दारातून मला तिचा मामा दिसला, हसून लोकांशी हात मिळवत होता."

"आत नाही गेलात?"

"कोणत्या तोंडाने? उशिरा आलेल्या बापाने काय सांगायचं, वाट चुकलो?" त्याने पत्रिका तिच्यापुढे धरली. "मला एवढंच सांगा. हे असं छापायला त्यांनीच सांगितलं होतं का? म्हणजे मी यावं, पण लग्नाला पोचू नये, असं? असेल तर असू दे. मला फक्त कळायला हवं."

आतल्या खोलीतून मालक बाहेर आले होते. त्यांनी मात्राबाईकडे पाहून हळूच मान हलवली. गिऱ्हाइकाची सही आहे, आपण मोकळे, असा त्याचा अर्थ. तो नियम खराही होता.

मात्राबाई उठली. मूळ मजकुराचे कागद ती वर्षभर जपून ठेवायची. गठ्ठ्यातून तिने ते दोन फुलस्केप काढले आणि त्याच्यापुढे ठेवले. पुढे ठेवण्याआधी गाळलेल्या सहा ओळी तिने स्वतः पहिल्यांदाच नीट वाचल्या. मांडणी करताना तिने त्या फक्त मोजल्या होत्या.

शिक्षिकेच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : "विवाहस्थळी येण्यासाठी : स्थानकातून बाहेर पडल्यावर गोदामांमागच्या पाऊलवाटेने येऊ नये. ती वाट आता बंद झाली असून तिथे भिंत बांधली आहे. टपाल कार्यालयावरून मोठ्या रस्त्याने यावे. चालत पंचवीस मिनिटे लागतात, त्या हिशेबाने निघावे. सभागृहाचे पुढचे दार बदलले आहे, आता बाजूच्या गल्लीतून प्रवेश आहे. विवाह वेळेवर लागेल."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"गावातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही," मात्राबाई म्हणाली. "आणि परगावच्या पाहुण्याला ती पाऊलवाट कधी माहीतच नव्हती. ती माहीत असलेला, पण भिंत माहीत नसलेला माणूस एकच. बाईंनी हे तुमच्यासाठी लिहिलं होतं. मी गाळलं. जागा होत नव्हती म्हणून. त्यांना सांगितलंसुद्धा नाही."

मालक खाकरले.

त्या माणसाने अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. "चालत पंचवीस मिनिटे," तो पुटपुटला. "मी कधीच वेळेवर निघत नसे." मग खिशातून रुमाल काढून त्याने बराच वेळ चष्मा पुसला.

"मी जाऊन त्यांना सांगू का?" मात्राबाईने विचारलं.

"चूक तुमची आहे बाई. सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा." तो उठला. कागद मागावा असं त्याच्या मनात आलेलं तिला दिसलं. त्याने मागितला नाही.

"सांगायचं तर तुम्हीच जाऊन सांगा," तो गेल्यावर मालक म्हणाले, "पण दुकानाचं नाव खराब होईल, एवढं लक्षात ठेवा."

"झालं तर झालं," ती म्हणाली.

शाळा सुटल्यावर ती शिक्षिकेच्या घरी गेली. घरात लग्नानंतरची रिकामी शांतता होती. मुलीच्या खोलीचं दार लोटलेलं. मात्राबाईने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं, सहा ओळी, स्थळांची चौकट, फाटकाचं कुलूप, भिंत. स्वतःची बाजू सांगितली नाही, सहीचा विषय काढला नाही.

शिक्षिका ऐकत राहिल्या. मग सावकाश खुर्चीत बसल्या.

"लग्न लागायच्या आधी पोरगी सारखी दाराकडे बघत होती," त्या म्हणाल्या. "मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, नको बघूस, येणारा माणूस नाही तो. आजवर कधी वेळेवर आला आहे? असं म्हटलं मी. तिने मान खाली घातली आणि परत वर केली नाही." त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "आणि तो तिकडे कुलूपबंद फाटकाशी उभा होता."

"ताई, मी…"

"तुम्ही आता जा. तुम्हाला माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. म्हणता येत नाही. पण आलात ते बरं केलंत. नाहीतर मी मरेपर्यंत तेच वाक्य खरं धरून चालले असते."

मात्राबाई घरी आली. दुसऱ्या दिवसापासून तिने एक शिरस्ता सुरू केला : मजकुरातली एक ओळ जरी कमी केली, तरी ती लाल पेनाने प्रूफवर लिहायची आणि तिच्यापुढे गिऱ्हाइकाची वेगळी सही घ्यायची. समारंभ, त्याची वेळ, त्याचं स्थळ आणि त्याचा रस्ता ती एकाच चौकटीत ठेवू लागली. पान देखणं दिसो न दिसो. काही गिऱ्हाइकं वैतागून दुसरीकडे गेली. मालक कुरकुरले, पण त्यांनी अडवलं नाही.

तीन महिन्यांनी शिक्षिका दुकानात आल्या. काम काही नव्हतं. बाकावर टेकून त्या म्हणाल्या, "मुलगी आणि जावई जाऊन आले त्याच्याकडे. मीच तिला सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

"आणि तिकडे?"

"फार बोलणं झालं नाही म्हणे. त्याने लग्नाचे फोटो मागितले. एकेक हातात घेऊन बघत बसला. ही कोण, तो कोण, विचारत होता. निघताना मुलगी म्हणाली, बाबा, यातले हवे ते ठेवून घ्या. त्याने एकच ठेवला." शिक्षिका थांबल्या. "त्यात ती मान खाली घालून उभी आहे. मी म्हटलं, हसणारे इतके होते, तोच कशाला दिलास? तर म्हणाली, त्यांनीच निवडला."

त्या उठल्या. दाराशी जाऊन क्षणभर थांबल्या, आणि मात्राबाईकडे न बघता म्हणाल्या, "येते मी."

"या, ताई," मात्राबाई म्हणाली.