पाव तासाचा वाघ

सानगडीच्या यादोरावांचा वाघ पंचक्रोशीला ठाऊक होता. त्यांची तान्ही पोर तापानं फणफणत असताना ते वैद्याला आणायला निघाले, तर वाघ नाल्यात आडवा बसलेला. यादोराव त्याला रात्रभर गोष्टी सांगत राहिले, पहाटे वाघालाच डुलकी लागली तेव्हा सुटले. पोर तोवर गेली होती. दर सांगण्यात वाघ वीतभर वाढे.

१९७९ च्या उन्हाळ्यात ऐकणारी एकच उरली, बायको देवकाबाई. तिची खाट गोठ्याच्या पडवीत गेली होती. लघवीची कळ आली की मोरी गाठेपर्यंत लुगडं ओलं. वास येतो म्हणून सून चंद्रकलानं खाट हलवली, अंगाखाली खताच्या थैलीचं प्लास्टिक अंथरलं. लाजेनं देवकाबाईनं पाणी पिणंच तोडलं.

आरोग्य केंद्राच्या सुलोचनाबाई नर्सनी आधी ते प्लास्टिक ओढून फेकलं. मांड्या लालभडक, एका जागी सालटं गेलेलं. मग खाटेवर बसून विचारलं, खोकताना-हसताना गळते, एकदम कळ येऊन सुटते, की ओटीपोट भरलेलंच राहून सारखी ठिबकते? कळ येऊनच, देवकाबाई म्हणाली, हसताना थोडी. लघवी तपासली, साखर नव्हती, जंतू नव्हते.

चंद्रकलाला त्यांनी शिकवलं: जुनं मऊ सुती कापड, ओलं झालं की लगेच बदलायचं, कोमट पाण्यानं धुऊन टिपायचं, घासायचं नाही, वर जस्ताचं मलम. पाणी दिवसा पुरेसं, कारण तोडलं तर लघवी जहाल होते अन् कळ वाढते. गजराचं घड्याळ लावून तासातासाला मोरीत न्यायचं. मधेच कळ आली तर धावायचं नाही; बसून खालचे स्नायू आवळायचे, कळ ओसरू द्यायची. दर हप्त्याला पाव तास वाढवायचा.

"आजोबा," त्या जाताना म्हणाल्या, "तेवढा वेळ यांचं मन गुंतवा. पण हसवू नका."

यादोरावांची पंचाईत झाली. न हसवणारी गोष्ट त्यांच्याजवळ नव्हतीच.

पाचव्या हप्त्यात दोन तासांची पाळी आली. तेवढं कोरडं राहिलं तर खाट आज घरात, असं चंद्रकला म्हणाली होती. पावणेदोन तासांवर कळ आली. देवकाबाईनं खाटेच्या कडेचा दांडा घट्ट धरला.

"सांगा काही," ती म्हणाली.

यादोरावांनी घड्याळ पाहिलं. पाव तास उरला होता.

"नाल्यात वाघ नव्हता," ते म्हणाले. "मी वैद्याकडे निघालोच नव्हतो. चावडीवर गप्पा मारत बसलो. म्हटलं, उतरंल ताप."

काटा सरकत राहिला. ती हलली नाही, रडली नाही. गजर वाजला तेव्हा कळ कधीची ओसरली होती. सावकाश उठून ती मोरीत गेली, परतली. कापड कोरडं होतं.

"मले ठाऊक होतं," ती खाटेवर टेकत म्हणाली. "तुमच्या धोतराले नाल्याचा चिखल नव्हता."

चंद्रकला खाट उचलायला आली. यादोरावांनी दुसरी बाजू धरली. उंबरठ्याशी देवकाबाईनं त्यांना थांबवलं.

"उद्यापासून वाघाचीच सांगजा," ती म्हणाली. "वाघाले डुलकी लागेपर्यंत पोर त्यात जित्ती ऱ्हाते."