चाळीसचं वीस

वडवणीच्या पशुपालक मेळाव्यात माझं भाषण चाळीस मिनिटांचं ठरलं होतं. माइक हातात येणार, तोच विजयसिंह कानाशी आले. "मॅडम, वीसच मिनिटं करा. सत्कार वाढलेत."

मी जनावरांची डॉक्टर. फुगलेलं पोट दिसलं की आधी विषबाधाच आठवते. विजयसिंह मेळाव्याचे आयोजक, तसेच पशुखाद्याचे दुकानदार. भाषणात बुरशी लागलेल्या पेंडीचा विषय आहे, हे कालच मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. आणि आज वेळ निम्मी! पाणी कुठं मुरतंय ते कळायला ज्योतिषी कशाला हवा?

मांडवाच्या कडेला कागद काढले. भरभर बोलून चाळीसचं वीसमध्ये कोंबता येत नाही, लोक उठून चहाला जातात. अख्खे भागच उडवावे लागतात. जातींची माहिती गेली. योजना गेल्या, त्या पत्रकात होत्याच. उरले दोन भाग: पेंडीची बुरशी आणि खुरटलेलं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, खाऊन होणारी विषबाधा. नीट सांगायचं तर एकच बसत होता. लोकांना आजच उपयोगी पडेल ते ठेवायचं, हा माझा नियम. पावसानं ओढ दिली होती, शेताशेतात कडवळ खुरटलं होतं, म्हणजे तेच ठेवायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलेलं. मी कडवळावर काट मारली आणि पेंडीवर जीव तोडून बोलले.

विजयसिंह उठले. आता माइक हिसकावणार, असं वाटलं. ते म्हणाले, "माझ्या दुकानातलं पोतं खराब निघालं तर परत आणा. त्यासाठीच मॅडमला बोलावलंय." मग मला हळूच म्हणाले, "सत्कार वाढले हे निमित्त. आमच्या सरपंच मोहनरावांचं नाव सत्कारातून राहिलं. गाडीत रुसून बसलेत. त्यांना भाषण द्यावं लागतंय."

मला तेही खरं वाटेना. एवढा गोड माणूस कसा असेल?

तेवढ्यात पुढच्या रांगेतले तात्याबा फोनवर बोलताना ऐकू आले. ते माझ्याकडे मेंढरं लस टोचून घ्यायला आणतात. "अगं, मेंढरं त्या खुरटल्या कडवळात घाल. वाया कावून घालवायचं? मला लई येळ लागंल."

सत्कारासाठी माझंच नाव पुकारलं होतं. शाल बाजूला सारून मी माइक घेतला. "माझा सत्कार राहू द्या. तात्याबा, मेंढरं बाहेर काढायला सांगा. खुरटलेलं कोवळं कडवळ विषारी असतं."

तात्याबा फोनवर ओरडले, मग फोन कानावरून खाली घेतला. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता.

"आधीच शिरलीती, म्हणतीया. दोन आडवी झाल्यात."

मी औषधाची पेटी उचलली. विजयसिंहांनी गाडीची किल्ली काढली होती.

"मोहनरावांचं भाषण?" कुणीतरी विचारलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "चला मॅडम."

गाडीत त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली. भाषणातून वीस मिनिटं त्यांनी काढली होती. कडवळ मी काढलं होतं.